प्रदर्शनातला स्टॉल: नऊ चौरस मीटर, सहा किलोवॉट आणि टेम्पो आत सोडण्याची वेळ

दिवाळी उलटली की महाराष्ट्रात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. मोशीच्या मैदानावर डिसेंबरात भरणारे किसान कृषी प्रदर्शन, गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात होणारी यंत्रसामग्रीची प्रदर्शने, जिल्ह्याच्या ठिकाणी मंडप घालून भरणारे औद्योगिक मेळावे अशा ठिकाणी स्टॉल घेण्याचा विचार या दिवसांत अनेक लघुउद्योजक करतात. आयोजकाकडून माहितीपत्रक येते, त्यात दर चौरस मीटरला अमुक रुपये असा एक ठळक आकडा असतो आणि सोबत रंगीत चौकोनांचा नकाशा असतो. बहुतेक जण तो नकाशा समोर ठेवून एकच प्रश्न विचारतात : "प्रवेशद्वाराजवळचा स्टॉल मिळेल का?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथा किंवा पाचवा विचारण्याचा आहे. त्याआधी जागेचे खरे माप, विजेचा भार आणि मांडणीच्या वेळा यांची लेखी उत्तरे हाती असावी लागतात, कारण उद्घाटनाच्या सकाळी होणारे बहुतेक घोटाळे या तिन्हींपैकी कशात तरी असतात.

हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. सांगलीजवळ हळद आणि मसाला दळण्याची यंत्रे, म्हणजे पल्व्हरायझर, बनवणारा एक लहान कारखाना आहे असे धरा. त्याला पुण्यातल्या चार दिवसांच्या प्रदर्शनात 5 अश्वशक्तीचे एक यंत्र चालवून दाखवायचे आहे, शेजारी पिशव्या बंद करणारे सीलिंग यंत्र ठेवायचे आहे आणि एका टीव्हीवर कारखान्याची चित्रफीत लावायची आहे. स्टॉलवर मालक आणि एक कारागीर असे दोघेच असतील.

## पैसे भरून आपण नेमके काय घेतो?

ज्यांनी घरच्या लग्नासाठी मंगल कार्यालय ठरवले आहे, त्यांना प्रदर्शनाचा व्यवहार पटकन समजेल. कार्यालयाचे भाडे म्हणजे केवळ हॉलचे भाडे नसते. चावी आदल्या दिवशी किती वाजता मिळणार, जनरेटरचे पैसे वेगळे आहेत का, डेकोरेशनवाल्याला आत केव्हा सोडणार आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता जागा रिकामी करायची, हे सगळे आपण आधी विचारतो, कारण भाड्याइतकेच तेही महत्त्वाचे असते. प्रदर्शनातही आपण जागा, वीज आणि वेळ अशा तीन गोष्टी घेत असतो, पण माहितीपत्रकात ठळक अक्षरांत फक्त पहिलीच छापलेली असते.

जागा साधारणपणे दोन प्रकारे मिळते. पहिल्या प्रकाराला शेल स्कीम म्हणतात, म्हणजे आयोजकाने उभारून दिलेला तयार स्टॉल. ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेल्या पांढऱ्या पाट्यांच्या तीन भिंती, खाली कार्पेट, समोर वरच्या बाजूला नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि विजेचा एक लहान सॉकेट असे त्याचे नेहमीचे स्वरूप असते. दुसरा प्रकार बेअर स्पेस, म्हणजे आखून दिलेली नुसती मोकळी जमीन. तिच्यावर स्टॉल आपल्या खर्चाने आणि आपल्या ठेकेदाराकडून उभारावा लागतो, आणि ती बहुधा ठरावीक क्षेत्रफळाच्या पुढेच दिली जाते. आपल्या सांगलीच्या कारखान्यासारख्यांना पहिलाच प्रकार परवडतो, म्हणून पुढचे सगळे विवेचन शेल स्कीम गृहीत धरून आहे.

तयार स्टॉलमध्ये नेमके काय मिळते, याची यादी मागून घ्यावी. "सर्व सुविधांसह" या शब्दांना काहीच अर्थ नसतो. एका ठिकाणी त्यात तीन दिवे येतात, तर दुसऱ्या ठिकाणी खुर्चीसुद्धा भाड्याने घ्यावी लागते.

## तीन मीटर म्हणजे दहा फूट नव्हे

सर्वात लहान स्टॉल बहुधा 3 मीटर × 3 मीटर, म्हणजे 9 चौरस मीटरचा असतो. बोलताना त्याला सर्रास "दहा बाय दहा" म्हटले जाते आणि तिथेच पहिली चूक होते. 10 फूट म्हणजे 3.048 मीटर, त्यामुळे मागच्या भिंतीसाठी हौसेने छापून आणलेला दहा फुटी फ्लेक्स तीन मीटरच्या भिंतीपेक्षा जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब भरतो. त्यात कोपऱ्यांतल्या खांबांची जाडी वजा केली, तर आतून प्रत्यक्ष मिळणारी रुंदी तीन मीटरपेक्षाही कमी होते. मग फ्लेक्स एका बाजूने दुमडला जातो, आणि दुमडलेल्या भागात हमखास फोन नंबरचा शेवटचा आकडा असतो. म्हणून आयोजकाला "स्टॉल किती बाय किती" एवढेच विचारून थांबू नये. भिंतीच्या आतल्या बाजूचे स्वच्छ माप मिलिमीटरमध्ये मागावे आणि छपाई त्याच मापाने करावी.

यंत्र आणणाऱ्यांसाठी उंचीचे माप लांबी-रुंदीपेक्षा अधिक धोक्याचे ठरते. शेल स्कीमच्या भिंती साधारण अडीच मीटर उंच असतात, पण समोरची नावाची पट्टी वरून खाली सुमारे एक फूट आलेली असते, त्यामुळे आत शिरण्याची मोकळी उंची सव्वादोन मीटरच्या आसपासच उरते. आपल्या पल्व्हरायझरच्या डोक्यावर पावडर आणि हवा वेगळी करणारे सायक्लोन आणि धूळ पकडणारी कापडी पिशवी असते, आणि हे सगळे जोडून यंत्र 2.3 मीटर उंच होते. ते स्टॉलमध्ये उभे राहू शकते, पण पट्टी बसवल्यानंतर समोरून आत जाऊ शकत नाही. यावर दोन उपाय आहेत : सायक्लोन सुटे आणून आत जोडणे, किंवा पट्टी नंतर बसवण्याची आयोजकाला आधीच विनंती करणे. यांपैकी काहीही ऐन वेळी करायचे म्हटले, तर दोन सुतार आणि तासभर वेळ हाताशी असावा लागतो, आणि त्या रात्री सुतार प्रत्येकालाच हवा असतो.

कोपऱ्यातल्या, म्हणजे दोन बाजूंनी उघड्या असलेल्या स्टॉलला बहुतेक आयोजक जादा टक्केवारी लावतात. चालते यंत्र दाखवणाऱ्याला ती सहसा परवडते, कारण लोक दोन बाजूंनी उभे राहून पाहू शकतात. मात्र उघडी बाजू वाढली की भिंत एकाने कमी होते, म्हणजे फलक लावायची जागा घटते, आणि पट्टीला आधार म्हणून उघड्या कोपऱ्यावर बहुधा एक खांब येतो. तो खांब नेमका यंत्राच्या तोंडासमोर येणार नाही ना, हे कागदावर चौकोन काढून एकदा पाहावे. यंत्राने व्यापलेली साधारण एक चौरस मीटर जागा, त्याच्या चालत्या बाजूला कारागिरासाठी सोडलेला एक मीटर, सीलिंग यंत्राचे टेबल आणि हळदीच्या दोन पोत्यांची जागा एवढे मांडले की नऊ चौरस मीटरपैकी पाहुण्यांना उभे राहायला किती उरते ते कळते. उत्तर बहुतेकदा निराश करणारे असते. पण ते घरी कळलेले बरे.

## वीज: पाण्याचे नव्हे, नळाच्या जाडीचे पैसे

घरी आपण युनिटप्रमाणे वीजबिल भरतो. जेवढी वापरली, तेवढ्याचे पैसे. प्रदर्शनात मात्र वीज बहुधा किलोवॉटप्रमाणे विकली जाते, आणि हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही. किलोवॉट हे एका क्षणी किती वीज ओढली जाऊ शकते याचे माप आहे. पाण्याच्या भाषेत सांगायचे, तर आयोजक बादल्या मोजत नाही, नळाची जाडी मोजतो. सहा किलोवॉटची जोडणी घेतली की चारही दिवस यंत्र चालवा किंवा एकदाच चालवा, पैसे तेवढेच. त्यामुळे "आम्ही यंत्र दिवसातून चारदाच दाखवणार आहोत" असे सांगून दर कमी होत नाही.

तयार स्टॉलसोबत मिळणारा सॉकेट मोबाइल, लॅपटॉप आणि लहान टीव्ही यांच्यासाठी असतो. त्याची मर्यादा अनेक ठिकाणी 500 वॉट किंवा 1 किलोवॉट अशी घातलेली असते, आणि ती सॉकेटकडे पाहून कळत नाही. त्यावर इलेक्ट्रिक किटली लावली, तरी स्टॉलचे दिवे जातात.

आता आपल्या कारखान्याचा भार काढू. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट, म्हणून 5 अश्वशक्तीची मोटर 3,730 वॉटची, असे गणित बहुतेक जण करतात आणि पावणेचार किलोवॉट लिहून मोकळे होतात. पण मोटरच्या पट्टीवर लिहिलेली शक्ती ही तिने बाहेर दिलेल्या कामाची असते, तिने आत ओढलेल्या विजेची नव्हे. मोटरमध्ये काही वीज उष्णतेत वाया जाते. कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर 3,730 वॉटचे काम करण्यासाठी ती सुमारे 4,400 वॉट ओढते. त्यात सीलिंग यंत्राचे 600 आणि टीव्ही व चार्जरचे 200 वॉट मिळवले की बेरीज 5,200 वॉट होते. पहिल्या, चुकीच्या हिशेबाने ती साधारण 4,500 आली असती आणि आपण पाच किलोवॉटची जोडणी मागितली असती; खरी गरज सहा किलोवॉटची आहे. आधी मागितलेला एक किलोवॉट आणि उद्घाटनाच्या सकाळी मागितलेला एक किलोवॉट यांच्या दरांत बराच फरक असतो, कारण मुदतीनंतरच्या मागणीवर जादा आकार लावण्याची पद्धत आहे. काही वेळा तर त्या रांगेतल्या वायरची क्षमता संपलेली असते आणि पैसे देऊनही वीज मिळत नाही.

याच प्रश्नाला जोडून फेज विचारावा. घरातली वीज सिंगल फेज असते, साधारण 230 व्होल्टची. कारखान्यातली मोठी मोटर थ्री फेजवर, 415 व्होल्टवर चालते. आयोजक सहा किलोवॉट द्यायला तयार झाला, पण सिंगल फेजवर, तर आपली मोटर त्यावर चालणारच नाही. "वीज मिळेल का?" या प्रश्नाचे "हो" हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. किती किलोवॉट, कोणता फेज, जोडणी स्टॉलच्या कोणत्या कोपऱ्यात येणार, शेवटी सॉकेट असणार की नुसत्या वायरी, आणि अर्थिंगची तार सोबत आहे का, एवढे सगळे त्या उत्तरात यायला हवे. मंडपातली वीज जनरेटरवर असेल, तर दर कधी कधी किलोवॉटऐवजी केव्हीएमध्ये दिलेला असतो. ही दोन मापे एक नव्हेत. केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, म्हणजे पॉवर फॅक्टर, 0.8 धरला, तर 5 केव्हीए म्हणजे 4 किलोवॉट, त्यामुळे दोन आयोजकांचे दर ताडून पाहताना आधी माप सारखे करून घ्यावे.

## यंत्र सुरू होतानाचा धक्का, आणि उलटी फिरणारी मोटर

भरलेली बैलगाडी चालू ठेवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी पट जोर थांबलेली गाडी हलवायला लागतो. मोटरचेही तसेच असते. 5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते. थेट सुरू केली, तर पहिले काही क्षण ती त्याच्या सहापट, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अँपिअरपर्यंत ओढते. कारखान्यात हे जाणवत नाही, कारण तिथला एमसीबी, म्हणजे जादा वीज ओढली गेली की आपोआप पडणारा खटका, त्या यंत्रासाठी निवडलेला असतो. प्रदर्शनात पाच किलोवॉटच्या जोडणीला 10 अँपिअरचा खटका लावलेला असू शकतो. पल्व्हरायझरचा आतला फिरता भाग जड असल्याने त्याला पूर्ण वेग घ्यायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात असा खटका पडण्याची पुरेपूर शक्यता असते.

हा दोष ओळखायला सोपा आहे. यंत्र गुरगुरते, वेग घेऊ लागते आणि तीन-चार सेकंदांनी स्टॉल अंधारात जातो. पुन्हा खटका उचलला की पुन्हा तसेच होते. सुरूच होत नसेल आणि नुसती घरघर येत असेल, तर दोष वेगळा आहे : तीनपैकी एक फेज आलेला नाही, आणि त्या वेळी बटण ताबडतोब बंद केले नाही, तर मोटर जळते. खटका पडण्यावर उपाय म्हणजे मागणीपत्रातच मोटर आहे असे लिहून 16 अँपिअरचा, मोटरला चालणारा खटका मागणे, किंवा सुरुवातीचा प्रवाह सुमारे एक तृतीयांशावर आणणारा स्टार-डेल्टा स्टार्टर सोबत नेणे. मोटर स्टार-डेल्टावर चालणारी आहे ना, हे मात्र आधी पाहावे लागते. आणि हे कारागिराला माहीत असतेच, पण पाहुण्यांच्या गर्दीत विसरले जाते, म्हणून लिहितो : हळदीचे कुडके घालण्याआधी यंत्राने पूर्ण वेग घेतलेला असावा.

थ्री फेजची आणखी एक गंमत आहे, आणि ती मी स्वतः पाहिलेली आहे. तीन वायरी कोणत्या क्रमाने जोडल्या यावर मोटर कोणत्या दिशेने फिरणार हे ठरते. कारखान्यात सरळ फिरणारी मोटर प्रदर्शनातल्या जोडणीवर उलटी फिरू शकते, आणि त्यात जोडणी देणाऱ्याची काही चूक नसते. एका प्रदर्शनात माझ्या परिचयाच्या एका उद्योजकाचे यंत्र उद्घाटनानंतर तासभर असेच उलटे फिरत होते. आवाज होत होता, पण पावडर जेमतेम पडत होती आणि मालक जाळी बदलून बदलून थकले होते. शेवटी शेजारच्या स्टॉलवरच्या वयस्कर वायरमनने येऊन दोन वायरींची अदलाबदल केली. तीनपैकी कोणत्याही दोन वायरी आपसात बदलल्या की दिशा सुलटी होते. हे काम वीज बंद करून, आयोजकाच्या वायरमनकडूनच करून घ्यावे. पण ते करायला वेळ हवा असेल, तर खरी वीज आदल्या संध्याकाळी मिळायला हवी, आणि इथेच विजेचा प्रश्न वेळेच्या प्रश्नाला जाऊन मिळतो.

## "शेजारच्या स्टॉलवरून एक वायर ओढली तर?"

हा सल्ला प्रत्येक प्रदर्शनात कोणीतरी देतो. शेजाऱ्याची जोडणी त्याच्या भारासाठी मोजलेली असते. आपला भार त्यावर पडला की दोघांचेही दिवे जातात, आणि खटका पडला नाही, तर त्याहून वाईट, कारण मग कार्पेटखालून गेलेली बारीक वायर तापत राहते. मंडपाचे कापड, थर्माकोल, पुठ्ठा आणि प्लायवूड यांच्यामध्ये तापलेली वायर म्हणजे काय, हे सांगायला नको. मंडपातली जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायची असते ती याचसाठी. स्वतःचा लहान जनरेटर आणण्याची परवानगीही बंदिस्त हॉलमध्ये धूर आणि इंधन यांमुळे मिळत नाही.

आणखी एक परवानगी वेगळी विचारावी लागते : यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवण्याची. वीज दिली म्हणजे ती मिळाली असे होत नाही. आवाज आणि धूळ यांमुळे काही आयोजक चालत्या यंत्रांना वेगळा विभाग देतात, काही ठरावीक वेळाच ठेवतात. हळद दळायला होकार मिळाला, तरी बंद हॉलमध्ये लाल मिरची दळू देतील अशी आशा धरू नये. दोन मिनिटांत सगळी रांग खोकायला लागते आणि आयोजकाआधी शेजारीच भांडायला येतात.

## ताबा केव्हा मिळतो?

माहितीपत्रकात प्रदर्शनाच्या तारखा छापलेल्या असतात, पण आपल्या कामाच्या तारखा त्याच्या आधी सुरू होतात. क्रम साधारण असा असतो : आधी मोकळ्या जागा घेणाऱ्यांना जमीन मिळते, मग आयोजकाचा ठेकेदार तयार स्टॉल उभारतो, आणि तयार स्टॉलचा ताबा उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, कधी सकाळी तर कधी दुपारी मिळतो. त्यानंतर मालकाच्या हातात जेमतेम एक संध्याकाळ असते.

ज्याचा माल हातात उचलून नेता येतो, त्याला ही संध्याकाळ पुरते. यंत्रवाल्याला ती पुरत नाही. दोन-अडीचशे किलोचे यंत्र टेम्पोतून उतरवायला फोर्कलिफ्ट किंवा पाच-सहा हमाल लागतात, आणि ते स्टॉलपर्यंत न्यायला मधली वाट मोकळी असावी लागते. आदल्या संध्याकाळी त्या वाटेत सगळ्यांची खोकी, शिड्या आणि कार्पेटच्या गुंडाळ्या पडलेल्या असतात. म्हणून जड यंत्र स्टॉलच्या भिंती उभ्या राहण्याआधी, रिकाम्या हॉलमध्ये आणून ठेवता येईल का, हे विचारावे. बरेच आयोजक तशी वेळ देतात, पण मागणाऱ्यालाच. गाडी हॉलच्या दारापर्यंत येते की बाहेरच्या फाटकाशी थांबवतात, दाराची रुंदी-उंची किती आहे, फोर्कलिफ्ट आयोजकाने नेमलेल्या संस्थेकडूनच घ्यावी लागते का आणि तिचा दर काय, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक तास प्रवेशबंदी असते. सांगलीहून पहाटे निघालेली गाडी बंदीच्या वेळेत पुण्याच्या वेशीवर पोहोचली, तर आत मिळालेली वेळ वाया जाते.

मांडणीच्या काळात वीज असते का, हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही. स्टॉलची मुख्य जोडणी अनेक ठिकाणी उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सुरू होते. त्याआधी ड्रिल चालवायला किंवा यंत्राची चाचणी घ्यायला तात्पुरती वीज लागते आणि तिचे पैसे वेगळे असतात. मोटरची दिशा तपासायची असल्याने आपल्याला ती हवीच आहे. उलट, रोज प्रदर्शन बंद झाल्यावर थोड्याच वेळात वीज तोडली जाते. आपल्या यंत्राला त्याने फरक पडत नाही, पण आइस्क्रीम, पनीर किंवा गोठवलेले मोदक घेऊन येणाऱ्याचा माल एका रात्रीत जातो. त्याने मागणीपत्रात "चोवीस तास वीज" हे शब्द लिहिले पाहिजेत. डीप फ्रीजर आणणार असे लिहिल्याने आयोजक ते आपोआप समजून घेत नाही.

## खर्चाची बेरीज

दर जागेनुसार बदलतात, म्हणून पुढचे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. जागेचा दर चौरस मीटरला 8,000 रुपये असेल, तर नऊ चौरस मीटरचे 72,000 होतात. कोपऱ्यासाठी 10 टक्के, म्हणजे 7,200. विजेचा दर किलोवॉटला 3,000 धरला, तर सहा किलोवॉटचे 18,000. एकूण 97,200 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 17,496, अशी बेरीज 1,14,696 रुपयांवर जाते. माहितीपत्रक पाहून "बहात्तर हजारांत स्टॉल" असे घरी सांगितलेले असते, आणि अजून तात्पुरती वीज, फोर्कलिफ्ट, जादा टेबल, गाडीभाडे व मुक्काम यांतले काहीच धरलेले नाही. जीएसटीची नोंदणी असेल, तर नोंदणी क्रमांक बुकिंगच्या अर्जातच द्यावा, म्हणजे बिल त्या क्रमांकावर येते आणि कराची वजावट मागता येते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना ही वजावट मिळत नाही, त्यांनी पूर्ण रक्कम खर्च म्हणूनच धरावी.

## "लहान स्टॉलवाल्याला उत्तर कोण देते?"

अनुभव असा की फोनवर विचारणाऱ्याला "सगळे होऊन जाईल साहेब" असे उत्तर मिळते आणि लेखी विचारणाऱ्याला आकडे मिळतात. याचे कारणही साधे आहे. फोन घेणारा माणूस स्टॉल विकणारा असतो. वीज आणि मांडणी पाहणारा माणूस दुसराच असतो, आणि लेखी प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचतो. मोठे आयोजक प्रदर्शकांसाठी एक नियमपुस्तिका काढतात, तिच्यात विजेची मागणी, जादा सामान आणि गाडीची वेळ यांचे स्वतंत्र अर्ज असतात आणि प्रत्येकाला वेगळी मुदत असते. ती पुस्तिका पैसे भरल्यावर देतात, पण मागितली तर मागच्या वर्षीची आधीही मिळते. जिल्ह्याच्या मेळाव्यात अशी पुस्तिका नसते, तेव्हा पुढच्यासारखे पत्र आपणच पाठवावे :

> महोदय,
> आपल्या प्रदर्शनात 3 × 3 मीटरचा, दोन बाजूंनी उघडा स्टॉल घेण्याचा आमचा विचार आहे. निर्णयापूर्वी पुढील माहिती लेखी मिळावी, ही विनंती.
> स्टॉलचे भिंतीच्या आतले स्वच्छ माप, नावाच्या पट्टीखालची मोकळी उंची आणि उघड्या कोपऱ्यावर खांब येतो का, हे कळवावे. आमच्या यंत्राची उंची 2.3 मीटर व वजन सुमारे 250 किलो आहे.
> आम्हाला थ्री फेज 6 किलोवॉटची जोडणी हवी आहे. त्यात 5 अश्वशक्तीची एक मोटर असल्याने 16 अँपिअरचा, मोटरला चालणारा खटका व अर्थिंग मिळेल का? दर किलोवॉटप्रमाणे की केव्हीएप्रमाणे, आणि मागणीची शेवटची तारीख कोणती?
> हळद दळण्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यास परवानगी आहे का?
> स्टॉलचा ताबा कोणत्या तारखेस किती वाजता मिळेल? यंत्र भिंती उभारण्यापूर्वी आत आणता येईल का? आदल्या संध्याकाळी चाचणीसाठी वीज मिळेल का?
> शेवटच्या दिवशी वीज किती वाजता बंद होते आणि गाडी आत केव्हा सोडली जाते?
> कळावे.

या पत्राला आलेले उत्तर छापून स्टॉलच्या फाइलमध्ये ठेवावे, कारण उद्घाटनाच्या सकाळी ज्याच्याशी बोलायचे असते, त्या माणसाने ते पाहिलेले नसते. आणि उत्तरात एखादा मुद्दा गाळलेला असेल, तर तो पैसे भरण्याआधी पुन्हा विचारावा. सवयीने सांगतो, बहुधा विजेचाच मुद्दा गाळलेला असतो.

## शेवटच्या संध्याकाळी

पत्रातला शेवटचा प्रश्न अनेकांना अनाठायी वाटतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शन संपते, थोड्याच वेळात स्टॉलची वीज जाते आणि हॉलमध्ये मोजके दिवे उरतात. त्याआधी सामान आवरायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, आणि आवरणाऱ्याच्या अनामत रकमेतून दंड कापण्याची तरतूदही असते. गाड्या एकदम आत सोडत नाहीत. रांग लागते, आणि फाटकावरचा माणूस गेट पास पाहिल्याशिवाय यंत्र बाहेर जाऊ देत नाही. गेट पास कार्यालयातून मिळतो, तोही विजेचे आणि जादा सामानाचे पैसे चुकते केल्यावर, आणि त्या कार्यालयापुढेही रांग असते. म्हणून दोघांपैकी मालकाने चौथ्या दिवशी दुपारीच हिशेब पुरा करून गेट पास खिशात ठेवावा आणि कारागिराने उजेड आहे तोवर, यंत्र थंड झाल्यावर, सायक्लोनचे नटबोल्ट कोणत्या क्रमाने सोडवायचे ते पाहून ठेवावे. टॉर्च सोबत असावी. टेम्पोवाल्याला मध्यरात्रीपर्यंत थांबावे लागेल हे भाडे ठरवतानाच सांगितलेले असावे, नाहीतर तो अकरा वाजता दुसरे भाडे घेऊन निघून जातो आणि यंत्र स्टॉलमध्येच राहते, जिथल्या भिंती तोवर ठेकेदाराची माणसे सोडवू लागलेली असतात.